शिक्षकाची अपेक्षा आणि विद्यार्थ्याची प्रगती: स्वयंपूर्त भाकितावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणाच्या समाजशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न सोपा समजला जातो, आणि म्हणूनच त्यात गुण जातात. मी या पेपरच्या उत्तरपत्रिका बरीच वर्षं तपासते आहे. बहुतेक उत्तरांत रोझेंथाल असतो, '20 टक्के' असतात, 'शिक्षकांनी सकारात्मक असावे' हेही असतं. पण भाकीत *खोटं* असावं लागतं, हा कणा मात्र गायब असतो. विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वयंपूर्त भाकीत म्हणजे नेमकं काय? व्याख्या कुणाची लिहू?

व्याख्या रॉबर्ट मर्टनची लिहा, वर्ष 1948. काही पुस्तकांत 'स्वयंपूर्तीचे भाकीत' किंवा सरळ 'सेल्फ-फुलफिलिंग प्रॉफेसी' असंही असतं. कुठलाही शब्द चालेल, फक्त पूर्ण उत्तरात एकच वापरा.

मर्टनचं म्हणणं असं: सुरुवातीला परिस्थितीची एक चुकीची व्याख्या केली जाते. त्या व्याख्येमुळे माणसं वेगळं वागू लागतात. आणि त्या वागण्यामुळेच मुळात चुकीची असलेली कल्पना खरी होऊन बसते. त्याने एका बँकेची गोष्ट रचून हे समजावलं. 1932 साल, बँक धडधाकट आहे, पण ती बुडणार अशी आवई उठते. ठेवीदार पैसे काढायला रांग लावतात आणि रांगेमुळेच बँक बुडते. शेवटी प्रत्येक ठेवीदार म्हणू शकतो, 'बघा, मी म्हणत होतो ना!' तसं म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण बँक आपल्यामुळे बुडली हे त्याला दिसत नाही.

मर्टनने हा विचार डब्ल्यू. आय. थॉमसच्या प्रमेयावर उभा केला. माणसं एखादी परिस्थिती खरी मानतात तेव्हा तिचे परिणाम खरे होतात, हे ते प्रमेय (1928). व्याख्येच्या आधी ही एक ओळ आली की उत्तराला पाया मिळतो.

२. बाईंनी म्हटलं 'हा नापास होणार' आणि तो झाला. हे स्वयंपूर्त भाकीत झालं ना?

नाही. निदान एवढ्यावरून तरी नाही. शक्यता तीन आहेत आणि तिन्ही बाहेरून सारख्याच दिसतात.

पहिली शक्यता अशी की बाईंचा अंदाज बरोबर होता. मुलाला तिसरीपासून वाचन जमत नव्हतं, बाईंनी ते ओळखलं. त्यांनी काहीही म्हटलं नसतं तरी तो नापासच झाला असता. हे अचूक निरीक्षण आहे. दुसरी शक्यता अशी की मुलाने पेपर बरा लिहिला होता, पण मनात 'ढ' असा शिक्का असल्यामुळे बाईंनी गुण हात राखून दिले. हा मूल्यमापनातला पूर्वग्रह झाला. मुलाची कामगिरी बदललीच नाही, बदलला तो तिच्यावरचा आकडा. तिसरी शक्यता म्हणजे मुलगा बाकीच्यांसारखाच होता, पण बाईंनी त्याला प्रश्न विचारणं, वह्या नीट बघणं सोडलं आणि वर्षाअखेर तो खरोखरच मागे पडला. स्वयंपूर्त भाकीत फक्त हे तिसरं.

हा फरक उत्तरात दोन-तीन वाक्यांत मांडा. पुढचा प्रत्येक अभ्यास याच फरकाच्या कसोटीवर बघायचा आहे.

३. रोझेंथाल आणि जेकबसन यांच्या प्रयोगात नक्की काय केलं होतं?

रॉबर्ट रोझेंथाल हार्वर्डमधला मानसशास्त्रज्ञ, तर लेनोर जेकबसन कॅलिफोर्नियातल्या साउथ सॅन फ्रान्सिस्को इथल्या एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. त्यांच्या 1968 सालच्या 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम' या पुस्तकात त्या शाळेला 'ओक स्कूल' असं टोपणनाव दिलं आहे. शाळेत सहा इयत्ता होत्या. प्रत्येक इयत्तेच्या जलद, मध्यम आणि मंद अशा तीन तुकड्या, म्हणजे एकूण अठरा वर्ग.

1964 च्या वसंतात मुलांची एक चाचणी झाली. ती साधी बुद्धिमत्ता चाचणी होती. शिक्षकांना मात्र सांगितलं गेलं की कोणती मुलं लवकरच बौद्धिक झेप घेणार आहेत हे या हार्वर्डच्या नव्या चाचणीतून कळतं. नवं शालेय वर्ष सुरू होताना प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गातल्या अशा काही मुलांची नावं मिळाली. शाळेतली साधारण 20 टक्के मुलं या यादीत होती.

यादीतली नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. चाचणीतल्या गुणांशी त्यांचा काही संबंध नव्हता. यादीतली आणि यादीबाहेरची मुलं यांच्यात फरक होता तो फक्त शिक्षकांच्या डोक्यात. पुढे त्याच चाचण्या पुन्हा घेतल्या आणि वाढ मोजली.

'यादृच्छिक निवड' हा शब्द उत्तरात आलाच पाहिजे, आणि का आला पाहिजे तेही कळायला हवं. शिक्षकांची अपेक्षा निराधार होती याची हमी तीच निवड देते. प्रश्न २ मधली 'अंदाजच बरोबर असेल' ही शक्यता तिथेच संपते. मुलांची मूळ बुद्धिमत्ता लपवून ठेवली होती असं काही जण लिहितात. लपवली होती ती निवडीची पद्धत.

४. या प्रयोगातले कोणते आकडे लक्षात ठेवू?

तीन पुरतात. वर्षभरात यादीबाहेरच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी 8.4 गुणांनी वाढला, यादीतल्या मुलांचा 12.2 गुणांनी. म्हणजे संपूर्ण शाळेत अपेक्षेचा वाटा 3.8 गुणांचा. पहिलीत मात्र हा फरक 15.4 गुणांचा होता आणि दुसरीत 9.5 गुणांचा.

तिसरीपासून सहावीपर्यंत काय झालं हे फार थोडे विद्यार्थी लिहितात. तिसरीत आणि पाचवीत फरक जवळजवळ शून्य, चौथीत थोडा, सहावीत तर यादीतली मुलं किंचित मागेच. म्हणून 'शिक्षकांच्या अपेक्षेने मुलांचा बुद्ध्यांक वाढला' हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं तर ते चूक आहे. परिणाम लहान मुलांवर दिसला, मोठ्यांवर जवळपास नाही. लहान मुलांचं नाव अजून शाळेत तयार झालेलं नसतं, शिक्षकांकडे त्यांच्याबद्दल जुनी माहिती नसते, हे त्याचं पटण्यासारखं कारण आहे (प्रश्न ८ मध्ये ते पुन्हा येईल).

आणखी एक आकडा स्वतःसाठी लक्षात ठेवा. पहिलीच्या तिन्ही तुकड्या मिळून यादीतली मुलं फक्त सात होती. पुढच्या टीकेचं वजन त्यावरून कळतं.

५. शिक्षकाच्या मनातली गोष्ट मुलापर्यंत पोचते कशी?

ओक स्कूलच्या प्रयोगात वर्गात बसून निरीक्षण केलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं उत्तर त्या प्रयोगात नाही. रोझेंथालने नंतर चार वाटा मांडल्या: वर्गातलं ऊबदार वातावरण, शिकवल्या जाणाऱ्या मजकुराचं प्रमाण आणि अवघडपणा, उत्तर द्यायला मिळणारी संधी, आणि उत्तरावर मिळणारा प्रतिसाद. जेअर ब्रोफी आणि थॉमस गुड यांनी 1970 मध्ये पहिलीच्या चार वर्गांत बसून नोंदी केल्या. ज्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती ती मुलं चुकली तर शिक्षक प्रश्न फोड करून पुन्हा विचारत किंवा सूचक शब्द देत. कमी अपेक्षेची मुलं चुकली की बहुतेक वेळा पुढच्याकडे वळत. बरोबर उत्तराचं कौतुकही पहिल्यांच्या वाट्याला जास्त येई.

माझ्या शाळेतलं एक दृश्य मला अजून दिसतं. पाढे चालले होते. बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, 'सात आठे?' तो म्हणाला, 'चोपन्न.' बाई म्हणाल्या, 'बघ हं, सात साते एकोणपन्नास. त्यात सात मिळव.' तो म्हणाला, 'छप्पन्न.' 'शाब्बास.' थोड्या वेळाने तोच प्रश्न शेवटच्या बाकावरच्या मुलीला. तिनेही चोपन्नच सांगितलं. 'बस खाली. कोण सांगतं?' दोघांची चूक तीच. एकाला पायरी मिळाली, दुसरीला बसायला सांगितलं. बाई दुष्ट नव्हत्या. त्या मुलीला चारचौघांत लाज वाटू नये म्हणूनही त्यांनी तिला चटकन बसवलं असेल. पण वर्षभर रोज असं झालं तर पाढे शिकायची संधी कुणाला किती मिळाली, याचा हिशोब करा.

उत्तरात असं एखादं दृश्य दोन ओळींत लिहिलं तर यंत्रणा तुम्हाला समजली आहे हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

६. रिस्टचा अभ्यास याच मुद्द्यावर आहे, मग तो वेगळा का द्यायचा?

कारण ओक स्कूलने परिणाम दाखवला आणि रे रिस्टने प्रक्रिया दाखवली. रिस्टचा लेख 1970 चा. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, सगळी मुलं कृष्णवर्णीय असलेल्या एका शाळेत, त्याने बालवाडीपासून दुसरीपर्यंत एकाच गटाचा माग काढला. शिक्षिकाही कृष्णवर्णीय होती, म्हणजे इथे फरक वंशाचा नव्हता, सामाजिक वर्गाचा होता.

बालवाडीच्या आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमचं बसवलं. तोवर कुठलीही चाचणी झालेली नव्हती. तिच्याकडे होती ती नोंदणीच्या वेळची माहिती, आईशी झालेलं बोलणं, सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांची यादी, मोठ्या भावंडांची ख्याती, आणि डोळ्यांना दिसणारे कपडे, स्वच्छता, बोलण्याची पद्धत. नीटनेटकी, प्रमाण इंग्रजी बोलणारी मुलं तिच्या आणि फळ्याच्या जवळच्या पहिल्या टेबलावर गेली. शिकवणं बहुतांश त्यांच्याकडे बघून चाले. पहिल्या टेबलावरची मुलं हळूहळू बाकीच्यांना हिणवू लागली.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिलीत गेल्यावर बालवाडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावरचं एकही मूल वरच्या टेबलावर आलं नाही, कारण बालवाडीचा अभ्यासक्रमच त्यांचा पूर्ण झाला नव्हता. दुसरीत गटांना 'टायगर्स', 'कार्डिनल्स' आणि 'क्लाउन्स' अशी नावं पडली. आता शिक्षिकेच्या हातात वाचनचाचणीचे गुण होते. आठव्या दिवशीची नजरेची निवड तिसऱ्या वर्षी कागदावरचा पुरावा झाली. मर्टनचा 'मी म्हणत होतो ना' म्हणणारा ठेवीदार इथे शाळेच्या दप्तरात बसला आहे.

मर्यादाही लिहा. वर्ग एक, तुलनेला गट नाही, आणि ती मुलं आठव्या दिवशी शिकण्याच्या तयारीत खरंच सारखी होती का हे मोजलेलं नाही. म्हणजे अपेक्षा खोटी होती हे रिस्ट सिद्ध करू शकत नाही. जिथे ओक स्कूल भक्कम आहे तिथे रिस्ट कच्चा, आणि याच्या उलटही. दोघांची जोडी म्हणूनच लावायची.

७. लेबलिंग आणि स्वयंपूर्त भाकीत एकच आहे का? आणि मर्टन तर कार्यवादी, तो आंतरक्रियावादात कसा?

एकच नाहीत. शिक्का मारणं ही पहिली पायरी आहे. हॉवर्ड बेकरने शिकागोतल्या 60 शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या (1952). शिक्षक मुलांना मनातल्या 'आदर्श विद्यार्थ्या'शी ताडून पाहतात आणि मध्यमवर्गीय मुलं त्या चित्राच्या जास्त जवळ बसतात, हे त्यात दिसलं. पण शिक्का बसला म्हणजे भाकीत पुरं झालं असं नाही. डेव्हिड हारग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी (1975) शिक्का बसण्याचे टप्पे दाखवले: आधी अटकळ, मग ती पडताळत तपशील भरणं, मग स्थिर होणं. पहिल्या टप्प्यात शिक्षक मत बदलतातही. पुढे मुलाने तो शिक्का मनात घेतला आणि तसं वागू लागला, तेव्हा भाकीत पूर्ण होतं.

मर्टनबद्दलची शंका रास्त आहे. तो कार्यवादी परंपरेतला हे खरं, पण ही संकल्पना त्याने थॉमसकडून घेतली आणि ती माणसांनी लावलेल्या अर्थांवर चालते. म्हणून आंतरक्रियावाद्यांनी ती आपलीशी केली. 'मर्टन हा आंतरक्रियावादी' असं मात्र लिहू नका.

८. ओक स्कूलच्या प्रयोगावर टीका काय आहे? आणि मग परिणाम खरा मानायचा की नाही?

पहिली टीका मोजमापावर. रॉबर्ट थॉर्नडाइकने 1968 मध्येच दाखवलं की वापरलेली चाचणी सगळ्यात लहान मुलांसाठी भरवशाची नव्हती. एका वर्गात तर्कक्षमतेच्या भागाची सुरुवातीची सरासरी 31 च्या आसपास निघत होती. नेहमीच्या शाळेत चालत-बोलत असलेल्या मुलांचा तो आकडा असूच शकत नाही. इतक्या खालून सुरुवात झाली की पुढच्या वेळी वाढ दिसणारच. आणि मोठा फरक नेमका याच लहान मुलांत, मूठभर नावांवर उभा होता (प्रश्न ४).

दुसरी टीका अशी की वर्षाअखेर शिक्षकांना यादीतली नावं धड आठवत नव्हती. तिसरी, काही संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम मिळाला नाही.

हा गोंधळ बराचसा स्टीफन रॉडेनबुशने सोडवला. 1984 मध्ये त्याने असे 18 प्रयोग एकत्र तपासले. शिक्षकांची मुलांशी दोन आठवड्यांपेक्षा जास्त ओळख झाल्यावर यादी दिली असेल, तर परिणाम जवळपास नाहीसा होत होता. ओळख व्हायच्या आधी दिली तर दिसत होता. शिक्षकाला मुलाची स्वतःची ओळख झाली की कागदावरची खोटी शिफारस तो मनावर घेत नाही, हे सरळ आहे. रिस्टचा 'आठवा दिवस' या प्रकाशात पुन्हा वाचा.

ली जसिम आणि केंट हार्बर यांनी 2005 मध्ये तीन-चार दशकांचं संशोधन चाळून काढलेला निष्कर्ष असा: परिणाम खरा आहे पण सहसा लहान आहे. शिक्षकांच्या अपेक्षा बऱ्याचदा अचूकच असतात. परिणाम वर्षानुवर्षं साचत जाण्यापेक्षा विरत जातो. मात्र ज्या गटांवर समाजाने आधीच कलंक लावला आहे, त्या मुलांवर तो जास्त असू शकतो. 'असं नेहमी घडतं' आणि 'असं काही नसतंच' या दोन्ही टोकांपेक्षा हे उत्तर जास्त गुण मिळवतं, कारण ते खरं आहे.

९. ओक स्कूलमुळे 'वाईट अपेक्षेने मूल बिघडतं' हे सिद्ध होतं ना?

होत नाही. शिक्षकांच्या मनात मुद्दाम वाईट अपेक्षा पेरणं नैतिकदृष्ट्या अशक्य होतं, म्हणून फक्त चांगली पेरली. उलट दिशेने तसंच होत असेल हा तर्क आहे, त्या प्रयोगाचा निष्कर्ष नाही. नकारात्मक बाजूसाठी रिस्टसारखी निरीक्षणंच घ्यावी लागतात.

ओक स्कूलमध्येच एक अस्वस्थ करणारी नोंद मात्र आहे. यादीत नसलेली काही मुलं आपणहून पुढे गेली. शिक्षकांनी त्यांचं कौतुक केलं असेल असं वाटतं, पण विशेषतः मंद तुकडीतल्या अशा मुलांबद्दल शिक्षकांचं मत कमी अनुकूल होतं. अपेक्षेबाहेर हुशारी दाखवणाऱ्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते, एवढं त्यावरून म्हणता येतं.

१०. मुलं शिक्का झुगारतात त्याचं काय?

मेरी फुलरने 1980 च्या दशकात प्रसिद्ध केलेला लंडनच्या एका शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलींचा अभ्यास यासाठी द्या. शिक्षकांची अपेक्षा कमी आहे हे त्या मुलींना माहीत होतं. त्यांनी ती मनात घेतली नाही. वर्गात त्या आज्ञाधारक दिसत नसत, शिक्षकांची मर्जी राखत नसत, पण अभ्यास नेटाने करत. त्यांचा भरवसा बाहेरच्या परीक्षेवर होता, कारण ती तपासणारा त्यांना ओळखत नव्हता.

आपल्याकडे दहावीच्या बोर्डाची उत्तरपत्रिका अनोळखी शिक्षकाकडे जाते, तिथेही हेच लागू पडतं. प्रश्न २ मधला दुसरा धोका, म्हणजे गुण देतानाचा पूर्वग्रह, तिथे बराच कमी होतो. तिसरा धोका कमी होत नाही, कारण वर्षभराचं शिकणं त्याच वर्गात झालेलं असतं.

११. भारतीय उदाहरण कोणतं देऊ? बाबासाहेबांचं चालेल का?

बाबासाहेबांना शाळेत वेगळं, स्वतः आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पण ते अपेक्षेचं उदाहरण नाही. तो उघड बहिष्कार होता, आणि त्यांनी पुढे जे केलं ते कुठल्याही भाकिताला खोटं पाडणारं आहे. जातिव्यवस्था आणि शिक्षण या प्रश्नात ते द्या, इथे नको.

इथे दोन अभ्यास जोडीने वापरा. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी (2012) भारतात शिक्षकांना तपासायला दिलेल्या उत्तरपत्रिकांवर मुलांची जात यादृच्छिक पद्धतीने लिहिली. खालची मानली गेलेली जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. पेपर तेच होते, म्हणून हा मूल्यमापनातला पूर्वग्रह, स्वयंपूर्त भाकीत नव्हे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी (2006) उत्तर प्रदेशातल्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुलं जवळपास बरोबरीने सोडवत होती. जात सगळ्यांसमोर वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. इथे कामगिरी खरोखर बदलली, पण तिथे वर्गशिक्षक नव्हता. एक अभ्यास शिक्षकाच्या मनाचा, दुसरा मुलाच्या मनाचा. दोन्ही टोकं अशी नावानिशी वेगळी ठेवून लिहा.

१२. प्रश्न 150 शब्दांचा असेल तर काय गाळू?

बँकेची गोष्ट गाळा, पिग्मॅलियन या नावामागची ग्रीक कथा गाळा, चार वाटांची यादी गाळून एक वर्गदृश्य ठेवा. मर्टनच्या व्याख्येतला 'चुकीची' हा शब्द, ओक स्कूलची यादृच्छिक निवड, पहिली-दुसरीपुरता परिणाम, रिस्टचा आठवा दिवस आणि रॉडेनबुशचे दोन आठवडे एवढं राहू द्या. सुरुवात अशी करता येईल:

'मर्टनच्या मते (1948) परिस्थितीची मुळात चुकीची व्याख्या लोकांचे वर्तन बदलून स्वतःला खरी ठरवते. ओक स्कूलमध्ये शिक्षकांना दिलेली होतकरू मुलांची यादी यादृच्छिक होती, म्हणजे अपेक्षा निराधार होती. तरीही पहिली-दुसरीतील त्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा ठळकपणे वाढला. वरच्या इयत्तांत तसे झाले नाही.'

मार्क्सवादी आक्षेपासाठी एक वाक्य पुरे: रिस्टच्या शिक्षिकेच्या मनातलं 'चांगल्या मुला'चं चित्र तिने एकटीने तयार केलेलं नव्हतं, ते समाजातल्या वर्गरचनेतून आलं होतं, आणि आंतरक्रियावाद त्या उगमापर्यंत जात नाही. जागा उरली तर फुलर. नाही उरली तर 'परिणाम अटळ नसतो' एवढे तीन शब्द तरी लिहा.